कापसाच्या भावाआधी

सूड घ्यायला लोक काय काय वापरतात. मी सरकारी घोषणा वापरली, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आदिलाबादच्या रेडिओ केंद्रावर मी मराठी निवेदनं करायचे. सरकारी पत्रक यायचं तेलुगूत, कचेरीच्या तेलुगूत. ते माणसाला एका दमात वाचता येत नसे, मग ऐकणाऱ्याचं काय सांगावं! त्याचं मराठी करायचं, तेही बोलण्यातलं, हे माझं काम. शब्दाला शब्द ठेवला तर साहेब खूश आणि श्रोते झोपलेले. म्हणून मी आधी पत्रक वाचून उलटं ठेवायचे आणि विहिरीवर एखाद्या बाईला सांगावं तसं मोठ्याने बोलून बघायचे. जिथे जीभ अडखळली तिथे वाक्य तोडायचं. लिहून झालं की पुन्हा मूळ पत्रकाशी ताडून पाहायचं.

त्या आठवड्यात विधवा पेन्शनचं पत्रक आलं आणि माझे कान तापले.

माझी आई नेरडीगोंड्याकडच्या एका आतल्या गावात एकटी राहायची. वडील गेल्यावर त्यांच्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या काकांनी, तिचा पेन्शनचा अर्ज स्वतःकडे घेतला होता. गावातल्या सगळ्या विधवांचे अर्ज तेच घ्यायचे. "वर पाठवला आहे, मी मागे लागलो आहे," एवढं एकच वाक्य त्यांना येत होतं. त्या मागे लागण्याच्या बदल्यात आई रोज संध्याकाळी त्यांच्या घरची भांडी घासायची आणि अंगण झाडायची. कोणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. पण तिने करावं अशी सोय मात्र पक्की होती. पितळेचं पातेलं घासून घासून तिच्या बोटांची साल गेलेली मी पाहिली तेव्हा माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

"आई, अर्ज गेलाच नाही कुठं. चल माझ्यासंगं कचेरीत," मी कितीदा म्हटलं.

"नको वो बाई. त्याह्यला राग आला तर अर्ज वापस घेतील. अन् ते म्हणतात, तू रेडिओत पगारावर हायस म्हणून माहं काम अडकलं. सासरी गेलेल्या पोरीपायी अडकते का असं?"

म्हणजे दोष माझाच! माझा तर तिळपापड झाला. पण आईपुढे माझ्या बोलण्याला किंमत नव्हती, मी पडले काकांशी भांडणारी. तिच्या लेखी खरं तेच, जे रेडिओवर सांगतात.

आणि आता माझ्या टेबलावर ते पत्रक. सुरुवातीला मंत्र्यांची नावं, मग शासनाचा संकल्प, मग अटी. अगदी शेवटी, जिथे वाचणाऱ्याचा जीव दमतो तिथे, दोन ओळी होत्या: अर्जदाराने अर्ज स्वतः मंडल कचेरीत द्यावा, मध्यस्थामार्फत आलेला अर्ज घेतला जाणार नाही. आणि पूर्वी अर्ज केला असून कचेरीची पोच मिळाली नसेल त्यांनी नवा अर्ज करावा. मी त्या ओळी वाचल्या आणि खुर्चीत सरळ बसले. मुदत येत्या शनिवारपर्यंतच होती.

लग्न झालेल्या मुलीचं मात्र पत्रकात काही नव्हतं. जे पत्रकात नाही ते स्वतःच्या मनाने सांगायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नाही, तेव्हाही नाही. साहेबांना सांगून मंडल कचेरीत फोन लावला. पलीकडचे कारकून म्हणाले, सासरी असलेल्या मुलीची आडकाठी नाही. साहेबांनी स्वतः फोन घेऊन ते पुन्हा विचारलं, मगच मला लिहू दिलं.

मी पत्रक खालचं वर केलं. शेवटच्या दोन ओळी पहिल्या आणल्या. तारखेच्या जोडीला वार घातला, कारण गावात तारीख कोणाला माहीत असते? वाक्यं आखूड केली. रेडिओवर मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाची गोष्ट तीनदा घेतली. हे सगळं चांगल्या निवेदनाचंच शास्त्र. फक्त मी ते इतक्या चवीने आधी कधी वापरलं नव्हतं.

साहेब गुंटूरकडचे, माझ्याशी हिंदीत बोलायचे. माझं मराठी त्यांना वाचून दाखवायचं आणि अर्थ सांगायचा. "मंत्रीजी का नाम पहले आना चाहिए," ते म्हणाले.

"साहब, नाम सुनते सुनते औरतें उठ जाएँगी. आखिर में बोलूँगी, इज्जत से."

त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर वाजवलं आणि सही केली. मग मी अगदी गरीब चेहऱ्याने आणखी एक मागणी केली: हे कापसाच्या भावाच्या लगेच आधी घ्यावं. ते म्हणाले, हो, तेव्हा ऐकणारे जास्त असतात. हो, असतात. आणि ते बहुतेक काकांच्या ओसरीवर असतात. गावातला सगळ्यात मोठा रेडिओ त्यांचा. भाव ऐकायला सगळे कास्तकार तिथे जमायचे, आणि त्याच वेळी आई मागच्या अंगणात राखेने भांडी घासत असायची. भावाआधी रेडिओ बंद करायची काकांची काय बिशाद?

संध्याकाळी स्टुडिओतला लाल दिवा लागला. मी घोटभर पाणी प्यायले आणि वाचलं.

"बायांनो, ऐका. ज्यांचा नवरा वारला आहे आणि घरात कमावता मुलगा नाही, त्यांच्यासाठी पेन्शन आहे. अर्ज तुमचा तुम्हीच मंडल कचेरीत द्या, येत्या शनिवारपर्यंत. मधल्या माणसाच्या हाती देऊ नका. तसा अर्ज कचेरी घेणार नाही. आधी अर्ज दिला आहे, पण कचेरीची पोच मिळाली नाही? मग नवा अर्ज द्या. मुलगी सासरी असली तरी चालेल. पुन्हा सांगते..."

प्रत्येक "पुन्हा सांगते" मी काकांच्या तोंडावर मारत होते. आवाज मात्र दुधासारखा ठेवला. त्यांची मान खाली जाताना मला काचेतून दिसत असल्यासारखं वाटत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

शनिवारी दुपारी आई माझ्या दारात उभी. पदराच्या गाठीत कचेरीची पोच. गावातल्या आणखी विधवा तिच्याबरोबरच कचेरीत गेल्या होत्या.

"काका काय म्हणाले?" मी अधाशासारखं विचारलं.

"काय म्हणतील? बटणाकडं हात नेला होता त्याह्यनं. लोकं वरडले, राहू द्या, भाव येऊन राह्यला. मंग बसले तसेच. समदे त्याह्यच्याकडंच पाहून राह्यले होते."

"आणि भांडी?"

"पातेलं अर्धंच घासलं. तसंच ठेवलं अन् आले."

मला ते अर्धं पातेलं दिसलं. अजून दिसतं.

"माझा आवाज ओळखला का गं?"

"माह्या पोरीचा आवाज मी नाही ओळखणार?" आईने गाठ पुन्हा घट्ट केली. "पयले वाटलं, ही काकाशीच भांडून राह्यली. मंग म्हटलं, नाही. सरकार रेडिओत कोणाले भांडू देत नाही. म्हणून गेले."

मी चहा टाकला.