मापाच्या खाली गेलेला फॉन्ट

शाल्मली वैद्यचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मारतहळ्ळीत तिचं घर आणि ऑफिस दोन्ही जवळजवळ होती, त्यामुळे ऑफिसच्या गर्दीची तिला भीती नव्हती. लवकर उठायची ती मराठी मंडळाच्या वेबसाइटच्या कामासाठी. ऑफिसच्या वेळात मंडळाचं काम करायचं नाही आणि मंडळाच्या कामात डुलक्या घ्यायच्या नाहीत, असं तिनं स्वतःला बजावलेलं होतं. चूल पेटवावी तसा ती आधी लॅपटॉप उघडायची, मग चहा ठेवायची.

तिचा बाप श्रीरंग सरकारी कारखान्यात फिटर होता. हातात कानस घेऊन त्याची नोकरी सरली. मुलीला त्यानं कानस शिकवली नाही, पण एक गोष्ट सांगून ठेवली होती. मापाला आलं की हात काढायचा. जास्तीचं लोखंड केव्हाही घासता येतं, कमी पडलेलं परत चिकटवता येत नाही. बाप गेला, वाक्य राहिलं. शाल्मली ते ऑफिसात पोरांना ऐकवायचीसुद्धा.

जयनगरचं मराठी मंडळ तिच्या लहानपणापासूनचं. तिथल्या हॉलमध्ये विद्याधर कुऱ्हाडे दर रविवारी मराठीचा वर्ग घ्यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तेही कारखान्यातलेच, श्रीरंगच्या बरोबरचे. आठवडाभर कन्नड आणि इंग्रजी लिहिणाऱ्या पोरांना ते रविवारी अआइई गिरवायला लावत. दुकानातून आणलेल्या तक्त्यावर ऱ हे अक्षर नसायचं. अण्णा तक्त्याखालच्या भिंतीवर ते खडूनं काढत. भिंत पुसली की पुढच्या रविवारी पुन्हा काढत. पोरं हसायची. अण्णा म्हणत, ‘हसा. माझं आडनाव ह्याच्याशिवाय उभं राहत नाही.’ शाल्मली त्याच भिंतीसमोर बसून लिहायला शिकली.

मंडळाची वेबसाइट तिनं घेतली ती रीतसर मजुरी ठरवून. फुकट काम केलं तर कुणी नीट विचारत नाही, हे तिला ठाऊक होतं. मंडळाचा चिटणीस गिरीराज पुण्याहून आलेला, तिच्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, बोलायला मोकळा. त्याची तक्रार एकच होती. हॉलमध्ये भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्याच्यामागे एक स्वस्तातला छोटा संगणक. त्यावर साइट उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, आणि बऱ्याच वेळानं मराठी. ‘शाल्मली, पेज लोड होईपर्यंत कँटीनवाल्याचा चहा होतो, आणि त्याचा चहा तुला माहीत आहे,’ असं तो म्हणाला.

कारण सरळ होतं. त्या छोट्या संगणकात देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता. साइट तो बाहेरच्या सेवेकडून मागवायची, आणि हॉलचं इंटरनेट बाहेर जाताना धापा टाकायचं. शाल्मलीनं ठरवलं, फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा. फॉन्ट मोकळ्या परवान्याचा होता, तेव्हा त्यातही अडचण नव्हती. पण आख्खी फाइल बोजड होती. तिच्यात परदेशी लिप्यांची अक्षरं होती, कधी न लागणारी चिन्हं होती, चार जाड्यांचे चार अवतार होते.

तिनं कापायला घेतलं. नेहमीची आणि ठळक, एवढ्या दोनच जाड्या ठेवल्या. देवनागरी अक्षरांचा सगळा पट्टा ठेवला, आकडे ठेवले, विरामचिन्हं ठेवली, अक्षरं जोडणारी आणि तोडणारी ती दोन न दिसणारी चिन्हंही ठेवली. जोडाक्षरांची चिंता नव्हती. फॉन्टमधले जोडणीचे नियम राखायला सांगितलं, की ठेवलेल्या अक्षरांपासून जे जे आकार होऊ शकतात ते फॉन्ट कापायचं सॉफ्टवेअरचं अवजार स्वतःच शोधून राखतं. मग फाइल वेबसाठी दाबून बसवली. ती मूळच्या एका छोट्या हिश्श्यावर आली. हॉलमध्ये पान झटकन उघडलं. गिरीराज म्हणाला, आता चहाला वेळच उरला नाही.

काम मापाला आलं होतं. इथं हात काढायचा होता.

त्या रविवारी अण्णा हॉलमध्ये आले होते. हृदय थकलं होतं, जिना दोनदा थांबून चढले. शाल्मलीनं त्यांना कौतुकानं सगळं सांगितलं. अजून हलकं करणार आहे म्हणाली. अण्णांनी विचारलं, ‘आणि काढणार काय काय?’

‘जे कुणी वापरत नाही ते.’

‘सरी, सरी,’ अण्णा कन्नडमध्ये होकार देत म्हणाले. ‘माझ्यासारखी बरीच भरली असतील त्यात.’ दोघं हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं साइटवरचा सगळा मजकूर एका फाइलीत गोळा केला आणि अवजाराला सांगितलं, ह्यात जी अक्षरं आहेत तेवढीच ठेव. मजकूर कमी नव्हता. वर्षानुवर्षांचे अहवाल, स्मरणिका, सभासदांची नावं, सगळं त्यात होतं. मराठीत जे लागतं ते ह्यात आलंच असणार, असं ती धरून चालली. फाइल आणखी थोडी उतरली. वाचलं ते एखाद्या लहान फोटोच्या कोपऱ्याएवढं. पण आकडा खाली गेलेला पाहून तिला बरं वाटलं. लॅपटॉपवर पानं उघडली, सगळी अक्षरं जागच्या जागी. तिनं फाइल चढवली आणि आंघोळीला गेली.

दोन गोष्टी तिच्या नजरेतून सुटल्या, आणि दोन्ही तिला माहीत असलेल्या. पहिली अशी, की ‘दुसऱ्या’मधला तो र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि जोडणारं न दिसणारं चिन्ह. दुसरी म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखंच. मंडळाचा मजकूर वर्षानुवर्षं तिथल्या जुन्या सभासद वासंतीअक्कांनी एकट्यांनी टाइप केलेला. त्या पहिल्या तऱ्हेनं लिहायच्या. एवढ्या ढिगात ऱ एकदाही नव्हता. शाल्मलीच्या कात्रीनं तो मुकाट्यानं काढून टाकला.

दुसरी गोष्ट अशी, की तिच्या लॅपटॉपवर तोच फॉन्ट पूर्ण बसवलेला होता, आणि तिनं स्वतःच साइटच्या कोडमध्ये लिहून ठेवलं होतं की आधी यंत्रातला फॉन्ट पाहावा, नसेल तर सर्व्हरचा आणावा. म्हणजे तपासताना तिनं आपली कापलेली फाइल पाहिलीच नाही. मापायला घेतला तो दुसराच तुकडा.

अण्णांचा सत्कार महिन्याभरानं झाला. वर्गाला इतकी वर्षं झाली, मंडळानं मनावर घेतलं. हॉल भरला. अण्णांकडे शिकलेली माणसं आपली पोरं घेऊन आली होती. पडद्यावर अण्णांचं नाव मोठ्या अक्षरांत यायचं आणि मग शाल घालायची, असं ठरलं होतं. नावाचं पान गिरीराजनं सकाळी रिक्षातून येता येता फोनवर तयार केलं. फोनच्या कीबोर्डनं दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं. त्याच्या फोनवर ते धड दिसलं, कारण फोनमध्ये स्वतःचं देवनागरी होतं.

पडदा उजळला. ‘विद्याधर’ पूर्ण आलं. पुढे ‘कु’ आणि ‘डे’. मधे रिकाम्या चौकटी.

पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं. गिरीराज रिमोट दाबत राहिला. पान पुन्हा उघडलं, चौकटी पुन्हा आल्या. शाल्मलीला पाहताक्षणी उलगडलं. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला, पण तो ऑफिसचा होता; जुनी फाइल आणि पूर्ण फॉन्ट दोन्ही घरच्या लॅपटॉपवर होतं आणि हॉलच्या इंटरनेटवर मूळ फॉन्ट आणायचा म्हणजे सत्कार उरकून गेला असता. नाव पहिल्या तऱ्हेनं पुन्हा लिहिता आलं असतं, हे तिला त्या घाईत सुचलं नाही. शेवटी गिरीराजनं पडदा बंद केला. नाव तोंडी घेतलं. टाळ्या पडल्या. अण्णांनी शाल घेतली आणि ठरल्यापेक्षा कमी बोलले.

जेवणाच्या वेळी ती त्यांच्यापाशी गेली. अण्णा पानातली कोशिंबीर चमच्यानं बाजूला सारत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, ‘कुणी वापरत नाही म्हणाली होतीस, ते हेच काय गं?’

तिनं सगळं सांगायला सुरुवात केली. दोन तऱ्हा, वासंतीअक्का, लॅपटॉप. अण्णांनी ऐकून घेतलं. कारखान्यात सुटा भाग नापास झाल्यावर कामगार कारणं सांगतो, तो कसा दिसतो हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

‘श्रीरंग असता तर काय म्हणाला असता?’

‘हात काढायला हवा होता, असं.’

‘मग झालं तर. जेव स्वल्प.’

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पूर्ण पट्ट्याची फाइल परत चढवली. आधी यंत्रातला फॉन्ट पाहण्याची ओळ खोडली. मग बस धरून जयनगरला गेली, हॉल उघडायला लावला आणि त्याच छोट्या संगणकावर दोन्ही तऱ्हांनी लिहिलेली, मराठीतली तिला आठवतील तेवढी अक्षरं एकेक करून पाहिली. ‘कुऱ्हाडे’ दोन्ही तऱ्हांनी लख्ख दिसलं. रिकाम्या खुर्च्यांशिवाय ते पाहायला कुणी नव्हतं. पान तरीही पूर्वीइतकंच झटकन उघडत होतं. त्या कोपऱ्याएवढ्या बचतीचा कुणाला पत्ताही लागला नव्हता.

येत्या रविवारी अण्णांना आणून दाखवायचं असं तिनं ठरवलं. त्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी अण्णांना जिना चढवेना. फोनवर चित्र पाठवावं असं मनात आलं, पण तिला ते पडद्यावरच दाखवायचं होतं, जिथं मोडलं तिथंच. हाही एक हट्टच. मग अण्णा दवाखान्यात गेले आणि तिथून परतले नाहीत.

अण्णांचं नाव त्या पडद्यावर लोकांसमोर पहिल्यांदा धड उमटलं ते शोकसभेत. एक अक्षरही कुठं अडलं नाही. गिरीराजनं तिच्याकडे पाहून मान हलवली, चांगलं झालं अशा अर्थानं. ती खाली बघत राहिली.

मंडळानं ठरलेली मजुरी चुकती केली. ती घ्यायची नाही असं शाल्मलीच्या मनात आलं होतं. मग तिनं घेतली आणि हॉलच्या मागच्या गल्लीतल्या पेंटरकडे गेली. वर्गाच्या भिंतीसाठी पत्र्याचा तक्ता रंगवून घेतला, हातानं, पक्क्या ऑइलपेंटमध्ये. पेंटर म्हणाला, शेवटची ओळ गाळली तर तक्ता सुटसुटीत होईल, बाजारच्या तक्त्यात ती नसतेच. शाल्मलीनं ती ओळ ठेवायला लावली. पहाटेच्या मजुरीतून एवढंच आलं: खडूनं काढावा लागणार नाही असा एक ऱ.