अजितरावांच्या चेहऱ्यावरचे पट्टे

माझा मुलगा यतिन लग्नांच्या फिल्म बनवतो. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ क्लेटनला शिकायला आला तेव्हा कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकत होता. शनिवार-रविवारी एका मित्राबरोबर कॅमेरा धरायला जाऊ लागला, आणि पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत शिक्षण बाजूला पडून कॅमेराच हातात राहिला. आता आम्ही सिडनीला, क्वेकर्स हिलला राहतो. घराच्या गराजमध्ये त्याचं एडिटिंग चालतं. गाडी बाहेर उन्हात उभी, आत काळे पडदे आणि तो. जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं, आई" म्हणतो आणि भात निवून गोळा होतो. डोळ्यांत औषध घालतो, पाठीला पट्टा बांधतो. लग्नाचा विषय काढला की म्हणतो, "दर आठवड्याला एक लावतोय की."

गेल्या मार्चमध्ये त्याने जवळच्याच गिरावीनच्या एका हॉलमध्ये अनुष्का आणि मिहिरचं लग्न शूट केलं. अनुष्काचे वडील अजितराव पुण्यात अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. तोंडाचा डावा कोपरा खाली ओढलेला, बोलणं जड. विमानप्रवासाचा प्रश्नच नव्हता. म्हणून मांडवात नवरीच्या मामांशेजारच्या खुर्चीवर टॅब ठेवला होता. पुण्याहून अनुष्काची आई रेखाताई त्यांच्यासमोर फोन धरून बसल्या होत्या. इथल्या लग्नांत अशी एक खुर्ची बहुधा असतेच. गुरुजींनाही सवय झाली आहे. अक्षता त्या खुर्चीकडेही टाकायला सांगतात.

मंगलाष्टकं झाली आणि अनुष्का त्या खुर्चीपुढे वाकली. अजितरावांनी उजवा हात वर केला आणि म्हणाले, "सुखी राहा." तेवढंच. मंगलाष्टकं चालू असतानाच यतिन टॅबच्या अगदी जवळ गेला होता. फोकस नेमका साधला होता, आणि आशीर्वादाचा क्षण म्हणून कॅमेरा स्लो मोशनवर टाकला होता. या धंद्यातली सगळीच मुलं तसं करतात. अक्षता, हार, आशीर्वाद, पाठवणी, सगळं हळू. लोकांना रडू येतं ते त्या हळूपणाने, असं तो म्हणतो. तो कॉल वेगळा रेकॉर्ड करावा हे कुणाच्याच मनात आलं नाही. शूटिंग चालूच होतं ना.

पुढच्याच महिन्यात अजितराव गेले.

अनुष्का बाराव्याला पुण्याला जाऊन आली आणि विमानतळावरूनच तिने यतिनला फोन केला. "फिल्म राहू दे. बाबांचा तो शॉट आधी दे. हलते-बोलते बाबा माझ्याकडे तेवढेच आहेत. झटका आल्यापासून ते फोटोसुद्धा काढू द्यायचे नाहीत."

यतिनने तोवर तो शॉट उघडलाच नव्हता. उघडला आणि मला हाक मारली. मी गराजमध्ये गेले. पडद्यावर अजितरावांचा चेहरा होता आणि त्यावरून हिरवे-जांभळे पट्टे सरकत होते, पाण्यावर तेल पसरतं तसे. कॅमेरा हातात होता, त्यामुळे हात जरा हलला की पट्टे गालावरून कपाळावर, कपाळावरून तोंडावर जायचे.

"हे काय रे?"

"मॉइरे म्हणतात." तो स्वयंपाकघरात गेला, माझ्या दोन चाळण्या घेऊन आला आणि एकावर एक धरून दिव्यासमोर फिरवल्या. दोन्ही बारीकच, पण एकत्र धरल्या की मोठमोठ्या लाटा दिसू लागल्या. "टॅबचा पडदा ही एक चाळणी. बारीक ठिपके. कॅमेऱ्यातला सेन्सर दुसरी. त्यात स्लो मोशनला माझा कॅमेरा मधल्या ओळी गाळतो, वेग गाठायला. म्हणजे चाळणी अजून विरळ, लाटा अजून मोठ्या. मी फोकस जरा सोडला असता ना, चेहरा थोडा मऊ आला असता, पण ठिपकेच दिसले नसते."

"मग नीट फोकस केलास ही चूक?"

"हो. ही आणि स्लो मोशन." त्याने चाळण्या टेबलावर ठेवल्या. "मिहिरच्या सूटवर पण आलेत."

मिहिरच्या सूटला अगदी बारीक चौकडी होती आणि खांद्यांवर इंद्रधनुष्य उठलं होतं. ते यतिनने एका दुपारीच काढलं. सूटच्या भागापुरता नुसता रंग धूसर केला, उजेड-अंधार तसाच ठेवला. वीण तशीच राहिली, रंगीत पट्टे गेले. मला वाटलं, झालं, आता अजितरावांचं पण होईल.

तसं झालं नाही. रंग काढला तर करडे पट्टे उरले, कारण पडद्याच्या लाटा उजेडातही होत्या. मग त्याने चित्र वेगळ्या रूपात उघडलं. त्यात चेहरा दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात, आणि एकसारखं पुन्हा पुन्हा येणारं जे काही असेल ते तिथे चकाकतं. ते ठिपके झाकले की पट्टे जातात. पण अजितरावांच्या सुरकुत्या, मिशीचे केस आणि पट्टे जवळजवळ सारख्याच बारकीचे. पट्ट्यांबरोबर मिशीही जायची.

शेवटी त्याला एक वाट सापडली. कॅमेरा हलला की पट्टे हलत होते. चेहरा मात्र पडद्यावर होता तिथेच. म्हणून पुढच्या-मागच्या चित्रांतला चेहरा चेहऱ्यावर नेमका बसवायचा आणि प्रत्येक जागी जे बहुतेक चित्रांत आहे तेवढंच ठेवायचं. स्लो मोशनचा इथे उपयोगच झाला, एकाच चेहऱ्याची बरीच चित्रं मिळाली. अजितराव मंगलाष्टकं ऐकत बसलेत तेवढा भाग स्वच्छ आला. डोळे ओले, डावा कोपरा ओघळलेला, हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट. यतिन खुर्चीत मागे टेकला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून जेवायला आला.

पण आशीर्वादाला हात हलला होता आणि ओठ हलले होते. हलत्या गोष्टी एकमेकींवर बसत नाहीत. तिथे बोटांची झाली पिसं, आणि ओठांवर पट्टे फिकट झाले तरी राहिलेच. नेमक्या "सुखी राहा" वर.

मग त्याने एआयचं एक टूल लावलं. त्यातून चेहरा लख्ख आला, बोटं पाच, ओठ स्वच्छ. मी म्हटलं, "हे बघ, झालं की."

त्याने चित्र थांबवून चेहरा मोठा केला. मग म्हणाला, "आई, तोंड बघ."

तोंड सरळ होतं. दोन्ही कोपरे सारखे. त्या टूलने हजारो चेहरे पाहिलेले. पट्ट्यांखाली काय असेल याचा अंदाज त्याने त्या चेहऱ्यांवरून बांधला, आणि चेहरे बहुतेक सरळ असतात.

अनुष्का रविवारी आली. हवा गार होती, मी चहा घेऊन गेले. यतिनने तिला दोन्ही तुकडे दाखवले आणि काहीही लपवलं नाही. एकात पट्टे आहेत, एकात तोंड खरं नाही, असं सांगितलं.

ती स्वच्छ चेहऱ्याकडे बघत राहिली. "मी दहावीत होते तेव्हा बाबा असे दिसायचे," ती म्हणाली. मग पट्ट्यांचा पाहिला. "आणि हे बाबा. पण दिसत नाहीयेत रे." तिने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आईला विचारते."

दोन्ही तुकडे तिने पुण्याला पाठवले आणि फोन स्पीकरवर ठेवला. रेखाताईंनी ते पाहिले असावेत, कारण काही वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"दुसरा ठेवा," त्या म्हणाल्या.

"अगं आई, दुसऱ्यात बाबांचं तोंड खोटं आहे. कॉम्प्युटरने काढलंय."

"कळतंय मला. मी दोन वर्षं ते तोंड पुसलंय, अनू. भरवलेलं अर्धं बाहेर यायचं. लोक आले की ते भिंतीकडे वळायचे. तुझ्या लग्नाला वळायला नको म्हणून मी उशा लावून सरळ बसवलं होतं त्यांना." त्या थांबल्या. "बरे झालेले दिसतायत यात. तसेच राहू देत."

अनुष्काने यतिनकडे पाहिलं. यतिन खाली बघत होता.

"काकू, एक अडचण आहे," तो म्हणाला. "गुरुजींच्या माइकमध्ये काकांचा आवाज आलाय. जड आहे. या सरळ ओठांवर तो बसत नाही. बोलणारा दुसराच कोणीतरी वाटतो. चित्र नेहमीच्या वेगात आणून लावून पाहिलं मी."

"मग आवाज काढा. सनई घाला."

"आई, तो शेवटचा आवाज आहे त्यांचा," अनुष्का म्हणाली.

"शेवटचा मी ऐकलाय," रेखाताई म्हणाल्या. "तो असा नव्हता, आणि तो मला फिल्ममध्ये नको." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुला हवा तर तू घे. पण नातेवाइकांत फिरेल तो हा राहू दे. त्यांना आवडलं असतं."

फोन झाला. मला वाटलं अनुष्का भांडेल, निदान रडेल. तिने केस मागे घेतले आणि म्हणाली, "आईचंच ठेव. तिच्याएवढं मी केलं नाही त्यांचं. मी इथे होते."

"तू सांगशील तसं," यतिन म्हणाला. "पण मला हे बरं वाटत नाहीये."

"मला तरी कुठे वाटतंय?"

त्याने तिच्यासमोरच काम केलं. माइकचा आवाज खाली ओढला, वर सनई ठेवली. सरळ तोंडाचे अजितराव हात उचलून ओठ हलवू लागले आणि सनई वाजत राहिली. कुणा अनोळखी माणसाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, किती छान दिसतात वडील. यतिनने फिल्मच्या शेवटी येणारं आपलं नाव पुसून टाकलं. अनुष्काने ते पाहिलं आणि कारण विचारलं नाही.

"मंगलाष्टकं ऐकत बसलेत तेवढा भाग खरा आहे," तो म्हणाला. "पूर्ण खरा. तो देतो तुला. आशीर्वादाचा पण देतो, पट्ट्यांसकट. पुढे कधी काही चांगलं निघालं तर..."

"निघेल?"

"पट्टे काढायला निघेल. खाली जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही, ते कुठून आणणार? ओळी मीच गाळल्या."

तिने पट्ट्यांचा तुकडा एकदा लावायला सांगितला. आवाज आला, जड, घसरणारा, "सुखी"मधला ख अर्धाच. त्या आवाजाबरोबर ओठांवरून हिरवट सावली सरकली आणि तिचे डोळे त्या सावलीमागे गेले. माझेही गेले. ओठांकडे बघताच येत नव्हतं. जे हलतं त्याच्याकडेच नजर जाते.

"नुसता आवाज लाव," अनुष्का म्हणाली.

यतिनने हेडफोन दिला. तिने तो घातला आणि खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली. समोर गराजची भिंत, तिच्यावर लाइटचे स्टँड टांगलेले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. तिने हात जरा वर केला, यतिनने पुन्हा लावलं. पुन्हा हात वर झाला. चहा केव्हाच निवला होता. मी कप उचलून घरात गेले.