शिक्क्यावरचं कुंकू

यशोदा लुडबे हिच्या घरात कुंकू लागल्याशिवाय कुठलीही वस्तू कामाला लागत नाही. फ्रिजच्या दारावर लागलं, नवऱ्याच्या होडीच्या इंजिनाला लागलं, गॅसच्या नव्या शेगडीला लागलं. मुलीच्या दहावीच्या हॉल तिकिटावर तर तिने असं बोट टेकवलं की परीक्षा केंद्रावरच्या बाईंनी फोटो बघून विचारलं, "कपाळाला काय लागलं होतं गं तुझ्या?"

तारकर्लीच्या रस्त्यावर यशोदा पर्यटकांसाठी माशांच्या थाळ्या करते. शिक्षण सातवी, तेही तिच्याच शब्दांत, "सातवीक मास्तरांनी हात जोडले, म्हणान पास झालंय." कोणी आपल्याला हसायच्या आधी आपणच हसून मोकळं व्हायचं, ही तिची जुनी सवय. पण मुलीच्या पळण्याचा विषय निघाला की हसणं बंद. अक्षया पहाटे किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पळायची, अनवाणी. बारावीत असताना शालेय स्पर्धेत तीन हजार मीटरला जिल्ह्यात पहिली आली, कोल्हापूर विभागात दुसरी, आणि राज्याला जाऊन सातवी. सातवीला पदक नसतं, सहभागाचं प्रमाणपत्र असतं.

ते प्रमाणपत्र घरी आलं त्या दिवशी यशोदाने ते देवापुढे ठेवलं, हळद वाहिली, तेलाचं बोट कुंकवात बुडवलं आणि कागदाच्या बरोब्बर मध्यावर टेकवलं. मग वाटलं, कागद आहे, कसर लागेल. म्हणून मालवणात जाऊन लॅमिनेशन करून आणलं. कुंकवासकट.

जूनमध्ये अक्षयाला महामार्गावरच्या कॉलेजात बी.एस्सी. आयटीला जायचं होतं. कोर्स विनाअनुदानित, फी भरभक्कम, आणि बारावीचे टक्के अठ्ठावन्न. सर्वसाधारण यादीत नाव लागायची आशा नव्हती. राहिला क्रीडा कोटा. त्यात जागा दोन.

छाननीच्या दिवशी मायलेकी एसटीने गेल्या. यशोदाने मांडीवर एक भली मोठी ढाल धरली होती. गावातल्या मंडळाच्या 'भव्य राज्यस्तरीय निमंत्रित' शर्यतीत अक्षयाला मिळालेली. कंडक्टर म्हणाला, "वयनी, हिचा तिकीट काढतलास?"

जिमखान्याच्या खोलीत क्रीडा संचालक सुशांत सर बसले होते. त्यांनी ढालीकडे पाहिलं, उचलून बाजूला ठेवली.

"ताई, ही इथे चालत नाही. मंडळाने राज्यस्तरीय म्हटलं म्हणून स्पर्धा राज्याची होत नाही. क्रीडा खात्याची शालेय स्पर्धा लागते, नाहीतर मान्यताप्राप्त संघटनेची. कागद द्या."

यशोदाने कागद दिला. सरांनी तो खिडकीकडे धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"स्तर कुठला आहे हा?"

"राज्य," अक्षया म्हणाली.

"मला फक्त 'स्तरीय' दिसतंय. त्याच्या आधी कुंकू आहे. शिक्क्यावरही कुंकू आहे. झेरॉक्सवर तर नुसता काळा डाग."

यशोदाने पदराचं टोक जिभेला लावून कागद पुसायला घेतला, आणि मग आठवलं, वर प्लास्टिक आहे.

"सर, तिची काय चूक नाही. माझं बोट जाड आहे," ती म्हणाली.

सर हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची पुढे केली आणि समजावून सांगितलं. गुणवत्ता शंभराची. साठ गुण चाचणीचे, चाळीस प्रमाणपत्राचे. राज्याच्या सहभागाला तीस, विभागाच्या क्रमांकाला वीस, जिल्ह्याला दहा. निवड झाली तर राज्य खेळलेल्याला शिक्षण शुल्क पूर्ण माफ, विभागवाल्याला अर्धं. परीक्षा शुल्क आणि विद्यापीठाचं शुल्क सगळ्यांना भरावंच लागतं.

"विभागाचं प्रमाणपत्र तुमचं स्वच्छ आहे. त्यावर वीस देतो. तीस हवे असतील तर जिल्हा क्रीडा कार्यालयाचं खातरजमेचं पत्र आणा. परवा सकाळी आठला चाचणी, त्याच्या आधी माझ्या हातात पाहिजे. अनुक्रमांक वाचता येतोय, ते नशीब."

बाहेर आल्यावर अक्षया आईच्या चार पावलं पुढे चालू लागली. तेच यशोदाला जास्त लागलं.

"बोल गो काय तरी. शिव्या घाल."

"आये, विभागाचा प्रमाणपत्र कसा काय वाचला तुझ्या हातातना?"

"तेच्या दिवशी माझी महिन्याची शिवाशिव होती. देवाकडे गेलंय नाय."

अक्षया एसटी स्टँडवर हसत सुटली, आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी यशोदाने थाळ्या बंद ठेवल्या. सकाळी शाळेत जाऊन खेळाचे मास्तर धनेश सरांना गाठलं. त्यांनी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र करून दिलं, त्यात स्पर्धेची तारीख, वयोगट, प्रकार आणि प्रमाणपत्राचा अनुक्रमांक.

"वयनी, ओरोसला जिल्हा कार्यालयात पुसण्याचं औषध मागू नका. नोंद तपासून पत्र मागा," ते म्हणाले.

ओरोसच्या कार्यालयात टेबलामागे शर्मिला नावाच्या मॅडम होत्या. यशोदाने वाटेत पाठ केलेलं शुद्ध मराठी वाक्य सुरू केलं, "माझ्या कन्येचे प्रमाणपत्र माझ्या श्रद्धेमुळे खराब झालेले आहे," आणि पुढचं विसरली. मग म्हणाली, "मॅडम, मी देवाक दाखवलंय आणि माणसांक दिसेनासा केलंय."

मॅडमनी कागद हातात घेतला आणि ओठ दाबले. "दुय्यम प्रत ज्या जिल्ह्यात स्पर्धा झाली तिकडून येईल, वेळ लागेल. पण राज्याला गेलेल्या आपल्या खेळाडूंची यादी आणि निकालपत्रक माझ्याकडे आहे."

फाइल निघाली. अक्षया बाळा लुडबे, एकोणीस वर्षांखालील मुली, तीन हजार मीटर, सातवी. अनुक्रमांक जुळला. पण सही करणारे साहेब बैठकीला गेले होते. यशोदा बाकावर बसून राहिली. मनात गावदेवी सातेरीचं नाव घेत होती, आणि नाव घेताना तिला देवीची भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. एवढ्या लहान गोष्टीसाठी देवीला त्रास, आणि तोही आपल्याच बोटाने ओढवलेला. तिथेच ती नवस बोलून बसली. अक्षयाला जागा मिळाली तर यंदाच्या जत्रेला पोरगी स्वतः ओटी भरेल. चार वाजता साहेब आले, सही झाली, गोल शिक्का पडला. पत्र तिने पिशवीत न ठेवता हातात धरलं. शाई ओली होती.

"घरी गेल्यावर याला काही लावू नका हां," मॅडम म्हणाल्या.

"हात धुवान ठेवतंय," यशोदा म्हणाली.

शनिवारी आठ वाजता कॉलेजच्या मैदानावर नऊ जण होते, कोणी कबड्डीचे, कोणी थाळीफेकीचे. ज्याची त्याची चाचणी त्याच्या खेळाची. अक्षयाला तीन हजार मीटर, म्हणजे त्या मैदानाच्या साडेसात फेऱ्या, घड्याळ लावून. जमीन जांभ्याची, कडक. वाळूची सवय असलेल्या पोरीने मैत्रिणीचे बूट घातले होते, अर्धा नंबर मोठे. चौथ्या फेरीला तिची लय बिघडली. यशोदा कुंपणापाशी उभी होती. ओरडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"अक्षू गो, बूट काढ! बूट काढून टाक!"

थाळीफेकवाल्या पोरांनीही वळून पाहिलं. अक्षयाने पळता पळता आधी एक, मग दुसरा बूट लाथेने उडवला, आणि उरलेल्या फेऱ्या अनवाणी काढल्या. तळपाय सोलवटले, पण वेळ चांगली आली.

सोमवारी यादी लागली. अक्षया लुडबे, दुसरी. एकूण गुण अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या मुलाचे बहात्तर. दहा गुण कमी असते तर काय झालं असतं, हे सातवी पास यशोदालाही बोटांवर मोजता आलं. तिने ते मोजलं, आणि ते बोट पदरात लपवलं.

मग हमीपत्र आलं. सुशांत सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सरावाला पंचाहत्तर टक्के हजेरी. विद्यापीठाच्या प्रत्येक स्पर्धेत कॉलेजकडून उतरायचं, दुसऱ्या कुणाकडून परवानगीशिवाय नाही. कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास सवलत रद्द आणि पूर्ण फी वसूल. आजार असेल तर डॉक्टरांचा दाखला.

"लग्न, बारसं, जत्रा ही कारणं धरली जात नाहीत," सर म्हणाले.

"जत्रासुद्धा?"

"जत्रासुद्धा."

पालकांच्या रकान्यात यशोदाने सही केली. नवसाचं ती कुणाला बोलली नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, त्यातला एकच जत्रेचा, असं तिचं गणित.

डिसेंबरात नोटीस लागली. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा, अक्षयाची पाच हजार मीटरची शर्यत, रत्नागिरीला. नेमका तोच दिवस जत्रेचा.

शेजारची शेवंती म्हणाली, "देवीचो नवस आणि तू पळाक पाठवतंस?"

अक्षया म्हणाली, "आये, ताप इलो म्हणान सांगतंय. डॉक्टरकाका दाखलो देतत."

यशोदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"खोट्या दाखल्यान भरलेली ओटी माउली घेयत काय? नवस मी बोललंय, सही पण माझीच आसा. तू पळ. देवीकडे माझा मी बघतंय."

जत्रेच्या आदल्या दिवशी ती गुरवाकडे गेली. भाईकाका गावाचा गुरव, वय सत्तर, आवाज गलबतावरच्या भोंग्यासारखा. त्याला तिने सगळं सांगितलं, कुंकवापासून नवसापर्यंत, आणि विनंती केली, उद्या देवीला जे गाऱ्हाणं सांगशील त्यात हळूच एवढंच घाल की पोरगी येत नाही, आई ओटी भरते, मान्य करून घे.

"हळूच," भाईकाका म्हणाला. "बरां."

जत्रेला देवळासमोर गाव जमला. ओटी भरून यशोदा बायकांच्या रांगेत मागे उभी राहिली. भाईकाकाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बाय सातेरी माउली! ह्या लुडब्यांच्या चेडवान तुझ्या नावान पळान कॉलेजात जागा मिळवल्यान. तां आज रत्नागिरीक पळता हा, तेका यश दी!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

यशोदाने डोळे मिटले. झालं, सुटले.

"आणि तेची आवस यशोदा! तिना सरकारी शिक्क्यार कुंकू लावन वर प्लास्टिक चढयल्यान! ओरोसच्या सायबाक कामाक लायल्यान! ती नवस बोलता एक आणि सही करता दुसरी! तिची काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे! आणि हेच्या पुढे तिचा बोट कागदापासना लांब ठेव!"

मग शेवंतीला पहिलं हसू फुटलं, आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज यशोदाचा होता.