चिंच, सफेदा आणि विश्रामगृहाचा गिझर

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपुरात नळजोडणीची कामं करायचो. मोहर्लीकडच्या एका सरकारी विश्रामगृहात मी गिझर बसवला होता, आणि तो दोनदा दुरुस्त करूनही तिसऱ्यांदा गळत होता. इंजिनिअर साहेबांनी निरोप धाडला, "संध्याकाळी येतो. आज थेंब दिसला तर उरलेल्या पाच विश्रामगृहांचं काम दुसऱ्या मिस्त्रीला."

मी पिशवीत वरून तारेची जाळी असलेल्या दोन नव्या रबरी नळ्या टाकल्या आणि पहिली बस धरली. दारातच खानसाम्यानं हात जोडले. "या मिस्त्रीभाऊ! तुमची नळी पुन्हा रडून राह्यली."

"आज तिचे डोळे पुसल्याशिवाय जात नाई, भाऊ," मी म्हणालो.

बटण बंद केलं, खालचा कॉक बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडला. नट ढिले करून टाकीचं पाणी बादल्यांत काढलं. मग एक बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आणि नळ्या उजेडात धरल्या.

बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीतला रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता. आणि त्याच्यावर कोण मिरवत होतं? माझीच सुतळी, आणि गळती थांबवायला तिच्यावर फासलेला माझाच पांढरा लेप, सफेदा! लोखंडी पाइपाला चालतं म्हणून मी नळीच्या आट्यांनाही गुंडाळलं होतं. तिथं पाणी अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत. त्या गुंडाळीमुळे नट अडकून बसायचा, वॉशर नीट दबायचा नाही, आणि मी पान्याला लटकून आणखी आवळायचो. एक गुन्हेगार सापडला, आणि तो मीच निघालो.

पण आत येणाऱ्या थंड पाण्याच्या नळीची जाळी नटापाशी तपकिरी पडून तुटली होती. नळी लावून सहाच महिने झाले होते. एवढ्यात? का?

तेवढ्यात खानसामा वाटी घेऊन आला. "थांबा, आज शनवार. घासून देतो."

"हे काय?"

"चिंच, राख, मीठ. साहेबाले चकचकीत पाहिजे ना! भांडे घासतो तसंच तुमच्या नळ्याही घासतो."

"भाऊ, चिंचेनं जस्ताचा मुलामा खाल्ला, मिठानं तार खाल्ली!"

त्याचा चेहरा पडला. "मंग आता माझी नोकरी?"

मी नव्या नळ्या हातात घेतल्या. जोडाच्या कडा पुसल्या, नव्या नळ्यांत नवे वॉशर सरळ बसवले. नट हातानं फिरवला, मग पान्यानं थोडासाच, सुतळीला हात न लावता. टाकी भरून हवा निघू दिली, मगच बटण दाबलं. खाली वर्तमानपत्र पसरून दोघंही त्याच्याकडे टक लावून बसलो. पाणी तापलं, कागद कोराच राहिला.

संध्याकाळी साहेबांनी नटाभोवती बोट फिरवलं. कोरडं. "चूक कुणाची?"

खानसाम्यानं मान खाली घातली. "दोघांची साहेब," मी म्हणालो. "मी सफेद्याची हौस केली, यांनी चिंचेची. आता नळीला फक्त कोरडा कपडा लागेल."

साहेब हसले. "पुढच्या पाच ठिकाणी खानसाम्यांना हे आधी सांगा, मग गिझर लावा. सोमवारपासून."