पात्याचं टोक

नोलीन पर्टनचं निम्मं आयुष्य मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या तळांवर रांधण्यात गेलं. जेवणाला उशीर झाला की तिथली माणसं चमच्यांनी ताटं बडवायची. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा ती डेव्हनपोर्टच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आली. इथं ताट बडवायची ताकद कुणात नव्हती, पण उशिराची धास्ती तिच्या अंगातून गेली नाही.

आश्रमातल्या काही म्हाताऱ्यांना घास गिळता येत नसे. त्यांचं मटण, भोपळा, वाटाणे सगळं वेगवेगळं, अगदी लोण्यासारखं वाटून द्यावं लागे. एखादी गाठ राहिली तर ती श्वासनळीत जायची भीती. त्या कामाचं मोठं यंत्र बिघडलं आणि नवं येईपर्यंत नोलीननं बाजारातून घरगुती हँड ब्लेंडर आणला. एका वेळी मिनिटभरच चालवा, मग थंड होऊ द्या, असं खोक्यावर छापलं होतं. तिनं ते वाचलंही.

"मिनिटभर फिरवून थांबायला मी काय चहा ढवळतेय?" ती म्हणाली.

मटणाच्या घट्ट लगद्यात ब्लेंडर कण्हायचा. मूठ हाताला चटके द्यायची, जळक्या वार्निशसारखा वास सुटायचा आणि तो आपोआप बंद पडायचा. निवला की पुन्हा सुरू. नोलीननं त्यातून भलताच धडा घेतला. तापला की तो आपला आपणच थांबतो, मग आपण कशाला थांबायचं? रोज तो आदल्या दिवसापेक्षा लवकर बंद पडू लागला, तशी तिनं मुठीला ओला फडका गुंडाळला.

आश्रमाची वायरिंग आणि नळ बघणारा रॉस एका सकाळी आत आला आणि दारातच थबकला.

"नोलीन, प्लग काढ आधी. मग तो फडका."

"थंड राहावा म्हणून गुंडाळलाय रे."

"आतला पंखा मुठीवरच्या भोकांतून वारा ओढतो. तू त्याचं नाक दाबलंयस. वर पाणी आत गेलं तर शॉक तुलाच बसेल." त्यानं दांडा मुठीपासून सोडवला, पाठीमागून पातं धरून हळूच हलवलं. ते डावीउजवीकडे डुललं. "हा धुतेस कुठे?"

"ताटांबरोबर. मशीनमध्ये."

"तरीच. दांड्यातल्या बेअरिंगचं वंगण धुऊन गेलंय. पात्याकडचं टोक तेवढं साबणाच्या पाण्यात फिरवायचं, पुसून टांगायचं. आणि पातेल्याच्या काठावर आपटतेस ना? तिकडे माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतं."

"लगदा झटकायला नको?"

"आता हा वापरूच नकोस. मी दुसरा घेऊन येतो. तोवर चाळणीतून घासून काढ."

"बरं बाबा," नोलीन म्हणाली.

रॉसची गाडी फाटकाबाहेर गेली. तिनं चाळणी काढली, थोडं मटण घासलं. धागे जाळीत अडकून बसले. जेवणाची वेळ डोक्यावर आली होती. तिनं दांडा परत बसवला आणि बटण दाबलं.

आज त्याचा आवाज निराळा होता. पातं दांड्याच्या टोकाशी असलेल्या टोपणाला घासत होतं, टकटक, टकटक. तिनं सवयीनं तो काठावर आपटला आणि पुन्हा फिरवला. एकदाच करकर झाली. मग टकटक थांबली. सुटले, असं तिला वाटलं. वाट्या भरल्या, जेवणाची ढकलगाडी गेली.

प्लग काढून दांडा धुवायला घेतला तेव्हा पात्याची एक बाजू आखूड दिसली. तुटलेली कड नव्या नाण्यासारखी चमकत होती.

नोलीन गुडघे विसरून धावली. "कुणी खाऊ नका. चमचे खाली ठेवा." परिचारिकांनी वाट्या परत घेतल्या. तिनं एकेका वाटीतला, मग पातेल्यातला लगदा चाळणीतून घासला. बोटांनी चाचपलं. काहीच लागलं नाही.

क्लॅरी डॉब्सनची वाटी तेवढी रिकामी होती.

क्लॅरी हा अर्धांगवायू झालेला माजी खलाशी. भूक चांगली, वाचा गेलेली. तो तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसला. जेवण आवडलं की असाच हसायचा.

इस्पितळातल्या एक्स-रेत पोटामध्ये पांढरी ठिकरी दिसली. डॉक्टरांनी संध्याकाळी तोंडातून नळी घालून ती काढली. येताना घशाला थोडं ओरखडलं, म्हणाले, भरून येईल. नोलीननं व्यवस्थापिकेला सगळं खरं सांगितलं, रॉसनं काय बजावलं होतं तेही. तिची नोकरी राहिली. नवा ब्लेंडर ती मिनिटभर चालवी, थांबे, मूठ हातानं चाचपे, प्लग काढून पातं निरखे. मटणात रस्सा सढळ घाली. जेवणाला उशीर होई.

क्लॅरी परत आला, पण पहिला घास तोंडात धरून बसायचा. गिळायचा नाही. भरवणारीकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचा. कधी ओठांतून सगळं बाहेर सांडायचं. अंग उतरत गेलं आणि त्या हिवाळ्यात तो न्यूमोनियानं गेला.

"वय झालं होतं," डॉक्टर नोलीनला म्हणाले. "त्या प्रकाराशी याचा संबंध असेलच असं नाही."

असेलच असं नाही म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.