हरवलेल्या सनदेची दवंडी

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं, पण पुढं होणारी धामधूम अजून कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. मी नांदेडची. वडील तिथं प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांनी हट्टानं मला मिडलपर्यंत शिकवलं होतं. मिडल म्हणजे सातवी. ती पास झाली की तालीमात खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, शिक्क्याची सनद मिळे. लग्न होऊन मी लातूरला आले. नवरा एका जिनिंगमध्ये कारकून. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. औशाजवळच्या खेड्यात त्यांचा सगळा जन्म शेतात गेलेला. आवाज असा, की दोन वावरं पलीकडचा बैलही मान वळवून बघावा.

लातूरच्या मुलींच्या शाळेत बाईंची एक जागा निघाली. अर्ज मीच केला आणि हुकूम आला, तेव्हा घरात माझ्याइतकाच आनंद आत्याबाईंना झाला. हुकुमात लिहिलं होतं, की महिन्याच्या आत सनद आणि शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही अस्सल कागद दाखवून रुजू व्हावं, सोबत त्यांच्या नकला जोडाव्यात.

नकला करायला आम्ही दोघी तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीसाकडं गेलो. झाडाखाली चटई, पुढं उतरती पेटी, कानावर बोरू. त्यानं दोन्ही कागदांच्या नकला सुरेख अक्षरात उतरवल्या, सनदेचा नंबर आणि सालसुद्धा. तहसीलदार दुपारनंतर येणार होते, मग सही-शिक्का. तोवर वेळ होता म्हणून आम्ही गंजगोलाईच्या बाजारात गेलो. नकला आत्याबाईंच्या कमरेच्या पिशवीत होत्या, अस्सल कागद माझ्या कापडी पिशवीत.

पुढचं माझंच चुकलं. कासाराच्या दुकानात मी हिरव्या बांगड्या भरून घ्यायला बसले. पिशवी शेजारी ठेवली. दोन्ही हात भरून झाल्यावर वळून बघते, तर पिशवी नाही.

सबंध बाजार धुंडाळला. कासाराचं दुकान झाडून बघितलं, भाजीवाल्या बायांना विचारलं, गुळाच्या अडतीवर विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. मी रस्त्यातच रडायला लागले. आत्याबाईंनी माझा दंड धरला.

"रडून कागुद येतंय व्हय? चल चौकीवर."

"बायकांनी चौकीवर जायचं?"

"मग काय कागदानं जायचं? चल!"

चौकीवर अमीनसाहेब खुर्चीत बसून चहा पीत होते. अमीन म्हणजे तिथला फौजदार. आम्हा दोघींना बघून ते उभेच राहिले. आत्याबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "साहेब, चोरी झाली. माझ्या सुनेची सनद चोरली."

"किसने चोरी की, अम्मा? कुणावर शक?"

"सगळ्या बाजारावर."

अमीनसाहेब हसू दाबत माझ्याकडं वळले. "बेटी, तू सांग. चोरी की गहाळ? चोरी म्हणशील तर तपास, साक्षी, सगळं आलं. गहाळ म्हणशील तर मी रोजनाम्यात नोंद करतो आणि तुला तिची नक्कल देतो. जे झालं ते सांग."

मला खोटं बोलवेना. मी खाली मान घालून म्हणाले, "मी बांगड्या भरत होते. पिशवी कुणी नेली का पडली, मला ठाऊक नाही."

"तर मग गहाळ," ते म्हणाले आणि दौत पुढं ओढली. कधी, कुठं, कोणते कागद, कुणाच्या नावाचे, कुठल्या शाळेचे. सनदेचा नंबर विचारला तेव्हा तो मला आठवेना. आत्याबाईंनी मात्र कमरेची पिशवी सोडली आणि नकला मेजावर आपटल्या. "हे घ्या. नंबर का काय त्यात हाय म्हणं."

अमीनसाहेबांनी नंबर उतरवून घेतला आणि पहिल्यांदा मोकळं हसले. "अम्मा, तुम्ही नसता तर हिची पंचाईत होती." नोंदीची शिक्क्याची नक्कल हातात देताना त्यांनी बजावलं, "ही सांभाळा. हिच्याशिवाय पुढं कुणी दारात उभं करणार नाही. आणि वर्तमानपत्रात इश्तिहार द्या. ज्याला सापडले तो आणून देईल, आणि दुसऱ्या कुणी तुमच्या सनदेवर नोकरी मागितली तर जाब विचारता येईल."

आम्ही परत अर्जनवीसाकडं गेलो. त्यानं आधी शाळेच्या दफ्तराला मुदतवाढीचा अर्ज लिहिला, चौकीची नक्कल जोडायला सांगितली. मग हैदराबादहून निघणाऱ्या एका उर्दू पत्रासाठी चार ओळींचा इश्तिहार: अमुक नंबरची सनद व दाखला लातूरच्या बाजारात गहाळ झाला आहे, सापडल्यास खालील पत्त्यावर द्यावा, कुणी त्याचा गैरवापर केल्यास जबाबदारी त्याची. पंधरा दिवस वाट बघून मग दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करायचा.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे पत्र लातुरात कोण वाचतंय?"

"वकील लोक वाचतात, सावकार वाचतात," अर्जनवीस म्हणाला.

"आन् पिशवी सापडली असंल भाजीवालीला. ती काय वाचती?"

त्यानं बोरू परत कानावर खोचला. "इश्तिहार कायद्यासाठी हवाच, माय," तो एवढंच म्हणाला.

"कायद्याला तुमचा इश्तिहार. माझ्या समाधानाला दवंडी."

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी हलगीवाला गाठला. मी लाजेनं घराबाहेर पडले नाही, पण हलगी आमच्या गल्लीतही आलीच. "ऐका हो ऐका! मिडल पास झालेल्या सूनबाईची सरकारी सनद हरवली हो! सात यत्ता शिकलेली सूनबाई! कुणाला कागुद घावला तर आणून द्या हो!" गोलाईला अर्धा वळसा होईतो सात यत्तांच्या दहा झाल्या होत्या आणि पलीकडच्या टोकाला मी बालिस्टर झाले होते, असं संध्याकाळी नवऱ्यानं पोट धरून हसत सांगितलं.

कागद काही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र गुळाच्या अडतीवरचा एक हमाल बायकोसह दारात उभा राहिला. सोबत सहा-सात वर्षांची पोर. तो चाचरत म्हणाला, "शिकलेल्या सूनबाई हितंच ऱ्हातात न्हवं? हिला शाळेत घालावं म्हणतो. पहिलीला बाप्या मास्तर नको म्हणून थांबलो होतो."

"अहो, माझी नोकरी अजून पक्की नाही. कागदच नाहीत."

"ते येतील की. दवंडी दिलीय न्हवं!"

त्या पंधरा दिवसांत असे किती जण आले. कासारीण आली, शेजारच्या गल्लीतली एक शिंपीण दोन्ही मुलींना घेऊन आली. आत्याबाई सगळ्यांना ओट्यावर बसवून गूळपाणी देत आणि माझ्या हुशारीच्या अशा गोष्टी सांगत, की मी आत तोंडात पदर कोंबून हसत असे.

पंधरा दिवसांची मुदत संपली. इश्तिहाराचं कात्रण आलं. अर्जनवीसानं स्टँपाच्या कागदावर हलफनामा लिहिला, म्हणजे शपथेवरचं निवेदन: कागद हरवले आहेत, गहाण टाकलेले नाहीत, कुणाला दिलेले नाहीत, पुढं सापडले तर दुसरी प्रत सरकारजमा करीन. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं त्यानं घालायला लावली आणि दोन्ही नावांची बाई एकच, असंही लिहिलं. मुन्सफ कोर्टात मी शपथ घेतली आणि सही केली. मग सगळी चळत घेऊन आम्ही नांदेडला निघालो. आत्याबाईंना घरी राहा म्हणायची सोयच नव्हती.

अहमदपूर, लोहा करत मोटार नांदेडला पोचली. माझ्या शाळेच्या हेडमास्तरीणबाई मुसलमान होत्या, शिस्तीला कडक, आणि मी त्यांना अजून भीत होते. त्यांनी एकेक कागद वाचला. चौकीची नक्कल, कात्रण, हलफनामा, अर्ज. मग शिपायाला दाखल-खारजेचं रजिस्टर आणायला सांगितलं. धूळ झटकून त्यांनी पान काढलं आणि बोट ठेवलं.

"ही तू. चिंचेवरून पडलेली."

"होय बाई."

"दाखला आज देते, तो माझ्या हातात आहे. सनद खात्याची. तिचा अर्ज माझ्या शिफारशीनं हैदराबादला जाईल. फी खजिन्यात भर, पावती जोड."

दाखला लिहायला त्यांनी टाक उचलला, तशा आत्याबाई पुढं सरकल्या. "बाईसाहेब, आता आमच्या घरचं नाव घाला. लगीन झालंय तिचं."

"नाही अम्मा. रजिस्टरात जे आहे तेच उतरेल. दुसरी प्रत म्हणजे नवा कागद नव्हे." त्यांनी हलफनाम्याकडं बोट केलं. "तुमचं नाव इथं आहे ना? तेवढं पुरतं."

म्हातारा अर्जनवीस दोन नावांसाठी का अडून बसला होता, ते मला तेव्हा कळलं. बाईंनी दाखला लिहिला आणि माथ्यावर लाल शाईनं ठळक घातलं: मुसन्ना. म्हणजे दुसरी प्रत. आत्याबाई तो लाल शब्द निरखत म्हणाल्या, "पहिल्यापरीस ह्योच झोकदार दिसतोय." कडक बाई हसल्या. त्या हसू शकतात हे मला शाळेत असताना कधी कळलं नव्हतं.

खजिन्यात पैसे भरले, पावती जोडली, अर्ज बाईंच्या स्वाधीन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोदावरीवर गेलो. आत्याबाईंनी एवढं पाणी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लुगडं खोचून त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि मला हाका मारू लागल्या. वडील काठावर अर्धापुरी केळ्यांचा घड घेऊन उभे. दोघी भिजून वर आलो आणि तिथंच बसून केळी खाल्ली. सासरची मी माहेरी आले होते, पण त्या दिवशी माहेर जास्त आत्याबाईंनाच लाभलं.

हैदराबादचं पाकीट यायला सहा आठवडे लागले. मुदतवाढ मिळाली होती म्हणून जागा शाबूत राहिली. पाकिटात सनद, तिच्यावरही तोच लाल शब्द. शाळेच्या दफ्तरातल्या कारकुनानं तिचा नंबर आमच्या नकलेशी ताडून पाहिला, चौकीची नोंद पाहिली आणि रुजू झाल्याच्या वहीवर माझी सही घेतली.

वर्गात गेले तर पट्टी अंथरलेली आणि भिंतीपर्यंत मुली. हमालाची पोर पुढंच बसली होती. तिनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं आणि दोघी खुदकन हसल्या.

"काय गं?" मी दरडावायचा प्रयत्न केला.

"बाई, ही म्हणती हलगीच्या बाई ह्याच का?"

"ह्याच," मी म्हणाले, आणि मलाच हसू फुटलं. सगळा वर्ग हसायला लागला. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. हसणं ओसरल्यावर मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठा 'अ' काढला.