चार नावांची कॉफी

मला चारही कॉफ्या येतात, असं मी शेठजींना सांगितलं तेव्हा मला त्यातल्या दोनच येत होत्या.

पुण्यात एका कॉफीच्या दुकानात मी वर्षभर काम केलं होतं. तिथे कॅपुचिनो आणि लाटे, एवढंच चालायचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून बदनापूरला परतले. नेमकं तेव्हाच जालन्यात औरंगाबाद रोडवर एक नवं हॉटेल उघडलं. मालक जुन्या जालन्यातले कापडाचे व्यापारी, मारवाडी शेठ. बियाणे कंपन्यांकडे येणारे परदेशी पाहुणे आपल्याकडे उतरावेत म्हणून त्यांनी कॉफीचं मशीन आणलं होतं. पुतण्याने इंटरनेटवरून नावं उतरवून कार्ड छापलं होतं: कॅपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट, कोर्टाडो.

शेठजींनी कार्डावर बोट ठेवत विचारलं, "हे चारही येतात ना, बेटा?"

"येतात," मी म्हणाले.

तीन महिने खालच्या दोन नावांना कोणी हात लावला नाही. तरी दार उघडलं की मला तीच धास्ती. येणारा माणूस कार्ड उचलायचा आणि माझी नजर त्याच्या बोटावर जायची. बोट वरच्या दोन नावांवर थांबलं की मी निवांत मशीनकडे वळायची. गावी जाताना पॅसेंजरमध्येही डोक्यात तेच. फ्लॅट म्हणजे सपाट, हे कळत होतं. पण कोर्टाडो म्हणजे काय, हे विचारावं असं जालन्यात कोण होतं?

मग बियाण्यांच्या प्लॉटची पाहणी करायला दोघं आले, बारा दिवसांसाठी. एक ऑस्ट्रेलियाच्या बाई, पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या. दुसरा स्पेनचा माणूस, कमी बोलणारा. पहिल्याच सकाळी बाईंनी फ्लॅट व्हाइट मागितली आणि त्याने कोर्टाडो.

मी माझ्या अकलेने केलं. सपाट म्हणजे बिनफेसाची, असं धरून मी नेहमीची कॅपुचिनो बनवली आणि वरचा फेस चमच्याने काढून टाकला. आमच्याकडे एकाच मापाचे मोठे पांढरे कप होते, म्हणून जागा उरली तिथे दूध ओतलं. कोर्टाडोबद्दल कुठेतरी 'छोटी कॉफी' असं ऐकलं होतं. आपल्याकडे हाफ चहा असतो तसा हाफ असेल, म्हणून अर्धा कप लाटे दिली.

बाईंनी दोन घोट घेतले आणि कप बाजूला सरकवला. त्या माणसाने संपवली, पण औषध घ्यावं तशी. दुसऱ्या दिवशी दोघांनीही चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी शेठजी काउंटरवर आले. "एवढं मशीन असून पाहुणे चहा पिऊन राह्यले. बिघडलं का काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मशीन बराबर आहे, शेठजी. दूध बराबर नाही. फेस धरत नाही."

बोलताना मला त्याचा अर्थ कळला नव्हता. संध्याकाळी कळला. शेठजींनी गवळ्याला बिलकुल बंद केलं आणि पिशवीचं दूध मागवलं. गवळी आमच्याच बाजूचा, बदनापूरजवळच्या वस्तीवरचा. रोज पहाटे दोन किटल्या घेऊन मोटारसायकलवर यायचा. दुसऱ्या दिवशी तो मागच्या दाराशी उभा होता.

"ताई, माझ्या दुधाला काय झाल्तं? शेठ सांगत न्हाईत. पानी घातलं म्हनून वाटलं का?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

"म्हशीला रोग बी न्हाई. तुमी तरी सांगा, ताई."

मी आत निघून आले. हात धुतले, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला, भांडी इकडची तिकडे ठेवली. पिशवीच्या दुधाचाही पहिल्यासारखाच फेस येत होता. त्या दिवशी मी जेवले नाही.

सकाळी बाई एकट्याच आल्या. चहा सांगायच्या आत मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले की मला फ्लॅट व्हाइट येत नाही, तुम्ही सांगाल का? मला वाटलं त्या रागावतील. त्या उठून काउंटरच्या आत आल्या आणि आधी आमचा मोठा कप उचलून नाहीच म्हणाल्या. जेवणाच्या बाजूला सूप द्यायच्या लहान वाट्या होत्या, त्यातली एक निवडली. मोठ्या कपाच्या निम्म्याहून थोडी जास्त. त्यात मशीनमधून दुहेरी कॉफी काढायला लावली.

मी नेहमीसारखी वाफेची नळी दुधाच्या वरच्या थराशी धरली आणि दूध फुगवू लागले. बाईंनी माझं मनगट धरून नळी आत बुडवली. हवा फक्त सुरुवातीला, क्षणभर. नंतर दूध भोवऱ्यासारखं फिरत राहिलं पाहिजे. दुधाचा स्टीलचा जग तापून हाताला धरवेनासा झाला की वाफ बंद. जग ओट्यावर आपटून हलवला तर दूध रंग दिल्यासारखं चकाकलं. फेस काढून टाकायचा नव्हता. तो इतका बारीक करायचा होता की दुधातच मिसळून जाईल आणि वर जेमतेम नखाएवढा थर राहील. कॉफीच्या दुप्पट दूधसुद्धा त्यात मावलं नाही.

एवढ्यात तो माणूस आला. बाईंनी त्याला विचारलं, तेव्हा त्याने दोन बोटं शेजारी धरून सारखी असल्याचं दाखवलं. जेवढी कॉफी तेवढंच दूध, आणि फेस जवळजवळ नाहीच. मी कपाचं माप अर्धं केलं होतं, दुधाचं नाही. माझ्या कोर्टाडोत कॉफी कमी आणि दूध तिच्या चौपट होतं. त्याच्यासाठी मी आचाऱ्याकडून चहाचा काचेचा ग्लास आणला. तो बरोबर भरला. त्याने सगळं पिऊन ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा एक मागितला.

मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. दुपारी मी शेठजींसमोर गेले.

"मला दोन कॉफ्या येत नव्हत्या. दूध चांगलं होतं."

त्यांनी विचारलं, "मंग त्या गवळ्याचं काय?"

"तुम्ही सांगाल का त्याला?"

"मी न्हाई सांगणार त्याला. तू खोटं बोलली, तूच जाऊन सांग."

पण जायच्या आधी त्यांनी मला चारही कॉफ्या ओळीने करून दाखवायला लावल्या. लाटे मोठ्या कपात, चौपट दूध आणि वर पातळ फेस. कॅपुचिनो सूपच्या लहान वाटीत, कॉफी कमी आणि वर बोटभर मऊ फेस. फ्लॅट व्हाइट तेवढ्याच वाटीत, पण कॉफी दुहेरी आणि फेस नखाएवढा. कोर्टाडो ग्लासात. शेठजी चहाचे माणूस, पण चारही चाखल्या. "कप भरून न्हाई दिला तर गिऱ्हाईक कंजूष म्हणंल, असं मला वाटायचं," ते म्हणाले, आणि लहान कप आणायला माणूस पाठवला.

मी संध्याकाळी वस्तीवर गेले. गवळी म्हशीला पेंड घालत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने बादली खाली ठेवली.

"दोन दिवस मी म्हशीच्या तोंडाकडं बघून राह्यलो, ताई," तो म्हणाला. "बायकोला बी बोललो, तूच पानी घातलं असंल म्हनून."

त्याची बायको दारात उभी होती. तिने मला आत या म्हटलं नाही.

आमच्याकडचं बंद झालेलं दूध त्याने एका मिठाईवाल्याला लावून दिलं होतं. महिन्याभराने त्याने एक किटली आमच्याकडे पुन्हा सुरू केली, दुसरी मिठाईवाल्याकडेच राहिली. पाहुणे जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला, पुढच्या हंगामात पुन्हा येऊ म्हणाल्या, आणि आल्याही. मी तिथे अजून दोन वर्षं काम केलं. गवळी रोज यायचा, किटली ठेवायचा, दूध मोजून द्यायचा. ताई म्हणायचा, पण उभा राहून बोलायचा नाही.